दुखणं सांध्याचं, संशय पिशवीवर

जिना चढताना एका बाजूच्या कुल्ल्यात खोलवर कळ येते आणि पुढे जांघेत उतरते. रात्री कूस बदलताना तीच कळ झोप मोडते. खुर्चीतून उठताना, रिक्षात पाय टाकताना, एका पायावर उभं राहून सलवार चढवताना पुन्हा तेच. बोट नेमकं ठेवता येत नाही असं बाईला वाटतं, म्हणून ती हात सगळ्या ओटीपोटावरून फिरवते आणि सांगते, ‘खाली दुखतं.’ हे दोन शब्द ऐकून पुढची सगळी तपासणी गर्भाशयाकडे वळते.

अशा कहाण्या एकमेकींसारख्या असतात, म्हणून समजा, एक चौतीस वर्षांची शिक्षिका आहे. दुसरं बाळंतपण होऊन चौदा महिने झालेत. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, बाळ कायम उजव्या कडेवर. दुखणं गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात सुरू झालं होतं आणि ‘बाळंतपणानंतर जाईल’ असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ते गेलं नाही. मग ‘पिशवीला सूज’ म्हणून दोन आठवडे अँटिबायोटिक झालं. उपयोग झाला नाही तेव्हा सोनोग्राफी झाली. त्यात उजव्या बीजकोशात पाण्याची तीन सेंटिमीटरची साधी गाठ दिसली. दुखणंही उजवीकडे, गाठही उजवीकडे, त्यामुळे घरात कुणाला शंका राहिली नाही.

खरी गडबड इथे झाली. पाळी चालू असलेल्या बाईच्या बीजकोशात दर महिन्याला बीज तयार होताना पाण्याचा फुगा होतोच, आणि तीन सेंटिमीटरपर्यंतचा साधा फुगा नॉर्मलच धरतात. तो बहुधा दुखतही नाही. या शिक्षिकेची दोन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली, तेव्हा गाठ नाहीशी झाली होती. दुखणं मात्र जसंच्या तसं होतं. खरं तर त्याच दिवशी संशयिताचं नाव बदलायला हवं होतं. सोनोग्राफी जो भाग दाखवते त्यात गर्भाशय आणि बीजकोश येतात, मागचा सांधा येत नाही. दिसणाऱ्या गोष्टीवर दोष येतो, न दिसणारी सुटते.

तो सांधा म्हणजे सॅक्रोइलियाक, डॉक्टरांच्या तोंडी एसआय जॉइंट. मणक्यांची माळ खाली जिथे संपत येते तिथे त्रिकास्थी नावाचं पाचरीसारखं हाड असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेची रुंद हाडं येऊन मिळतात आणि एकेक सांधा तयार होतो. कमरेखाली पाठीवर ज्या दोन खळ्या दिसतात, साधारण त्यांच्या पातळीला, आत खोलवर हे सांधे असतात. धडाचं वजन पायांकडे जातं ते यांच्यातूनच. दगडी कमानीत मधला दगड जसा दोन्ही बाजूंच्या दाबाने घट्ट बसतो तशी त्रिकास्थी या दोन हाडांत अडकून बसलेली असते. सांधा हलतो, पण फार थोडा: दोन-चार अंश आणि एक-दोन मिलिमीटर. म्हणूनच ‘कमरेचं हाड सरकलंय, बसवून देतो’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं. हाताने झटका देऊन सांधा ‘बसवल्यानंतर’ त्याची जागा बदलते का, हे १९९८ साली स्वीडिश संशोधकांनी अतिसूक्ष्म मोजमापाच्या एक्स-रेने पाहिलं. जागा बदललेली नव्हती. तात्पुरतं बरं वाटू शकतं, त्याचं कारण स्नायूंचा ताण सैल होणं हे असावं.

गरोदरपणात या सांध्याचे जाड बंध सैल होतात, पोटाचे स्नायू ताणले जातात आणि वजन पुढे झुकतं. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला या भागाचं दुखणं होतं. बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही महिन्यांत ओसरतं, काहींचं रेंगाळतं. बाळंतपणाशिवायही ते होतं. पडून बुडावर आपटणं, एका पायाचा सतत जास्त वापर, कमरेच्या मणक्यांचं फ्यूजन ऑपरेशन ही कारणं पुरुषांनाही लागू आहेत. पण पुरुषाला जांघ दुखली की त्याच्या गर्भाशयावर संशय घेता येत नाही, म्हणून ही विशिष्ट चूक बायकांच्याच वाट्याला येते.

पायरी आणि कूस, नेमक्या या दोनच ठिकाणी का दुखतं? पायरी चढताना क्षणभर सगळं वजन एकाच पायावर येतं. त्या बाजूचं कमरेचं हाड आणि त्रिकास्थी यांच्यात घसरण्याचा जोर तयार होतो, आणि तो पेलायला कुल्ल्याचा मोठा स्नायू वेळेवर आवळला गेला पाहिजे. तो दुबळा असेल तर भार बंधांवर पडतो. झोपेत स्नायू ढिले असतात. कूस बदलताना आधी खांदे वळतात, मग एक पाय ओढला जातो, आणि सांध्याला पीळ बसतो.

आणि जांघेत का? या सांध्याला कमरेच्या खालच्या आणि त्रिकास्थीतल्या मज्जातंतूंचे धागे मिळतात. ओटीपोटातल्या अवयवांच्या संवेदना नेणारे काही धागे त्याच पातळ्यांवर मज्जारज्जूत शिरतात. मेंदूला कळ पोहोचते, पण पत्ता धूसर असतो. तरीही प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. २००० साली एका अमेरिकी गटाने, सांध्यात इंजेक्शन देऊन निदान पक्कं झालेले ५० रुग्ण पाहिले. त्यांतल्या ९४ टक्क्यांना कुल्ल्यात दुखत होतं, जांघेत फक्त १४ टक्क्यांना. म्हणून कुल्ल्यात काहीच नाही आणि फक्त जांघच दुखते असं असेल, तर आधी खुब्याचा सांधा तपासायला हवा. मांडी घालून बसता येत नाही, पायाची नखं कापताना जांघ अडते, ही खुब्याची खूण.

आमच्या शिक्षिकेला अखेर योग्य प्रश्न एका फिजिओथेरपिस्टने विचारला: ‘एकाच बोटाने दाखवा, सगळ्यात जास्त कुठे?’ तिने बोट मागे, उजव्या खळीच्या किंचित खाली आणि आतल्या बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारल्यावर बोट तिथेच गेलं. ही खूण सूचक आहे, पुरावा नाही. पुढे सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी ताण देणाऱ्या पाच चाचण्या झाल्या. पाठीवर झोपवून, मांडी उभी धरून गुडघ्यातून खाली दाब देणं ही त्यांतली सर्वांत बोलकी. यांतल्या एकट्या चाचणीला फार अर्थ नाही. तीन किंवा अधिक चाचण्यांत नेहमीचीच कळ उठली तर निदानाला वजन येतं. तिच्या चार उठल्या. शंका उरली तर एक्स-रेच्या नजरेखाली सांध्यात भूल देणारं औषध सोडतात, आणि दुखणं बरंचसं थांबलं तर गुन्हेगार तोच असं मानतात.

एक चाचणी घरीही करून पाहता येते. पाठीवर सरळ झोपून एक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचला. तो जड वाटला, तर दुसऱ्या कुणाला कमरेच्या हाडांवर दोन्ही बाजूंनी आत दाबून धरायला सांगा आणि पुन्हा उचला. आता पाय हलका झाला, तर सांध्याला आवळून धरणाऱ्या स्नायूंची ताकद कमी पडतेय असं समजायला जागा आहे.

हाच दाब पट्टाही देतो, पण तो योग्य जागी हवा. दुकानात मिळणारा रुंद कमरपट्टा पोटावर बांधतात, त्याचा इथे उपयोग नाही. यासाठीचा पट्टा अरुंद असतो आणि खुब्याच्या बाहेर हाताला लागणाऱ्या हाडाच्या थोडा वर बसतो. शिक्षिकेने तो जिन्यापुरता आणि उभं राहून शिकवण्यापुरता वापरला. बाळ कडेवर घेणं थांबवून पुढे छातीशी झोळीत घेतलं. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा, आणि दोन्ही पाय एका पायरीवर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. कूस बदलताना गुडघे वाकवून एकत्र, मध्ये उशी, पोट किंचित आवळून खांदे आणि कंबर एकदमच वळवायची. झटका न बसल्यामुळे पहिल्या आठवड्यातच झोप सुधारली. खरं काम व्यायामाचं होतं: पोटाचा खोल स्नायू आवळणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, मग हळूहळू एका पायावरचा भार. याला दोन-तीन महिने द्यावे लागतात. तीन आठवड्यांत कंटाळून सोडणाऱ्यांना फायदा दिसत नाही, आणि मग ‘फिजिओने काही होत नाही’ असं ठरतं. नॉर्वेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाळंतपणानंतरच्या बायकांना असेच व्यायाम वीस आठवडे दिले होते. त्यांचा फायदा वर्षभरानंतरही टिकला होता. सांध्यातलं स्टेरॉइड काही आठवडे ते काही महिने आराम देतं. ऑपरेशनची पाळी फार थोड्यांवर येते.

आता उलटी चूकही घडते, तिच्याबद्दल. पाळीबरोबर दर महिन्याला वाढत जाणारं दुखणं, संबंधांच्या वेळी आत खोल कळ, शौचाला जाताना पाळीत होणारी वेदना ही एंडोमेट्रिऑसिसची चिन्हं आहेत, आणि ती ‘कंबरदुखी’ म्हणून वर्षानुवर्षं उडवून लावली जातात. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, अनियमित रक्तस्राव असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच जायचं. गोंधळ असा की सांध्याचं दुखणंही काहींना पाळीच्या आधी थोडं वाढतं. म्हणून दोन-तीन पाळ्यांपर्यंत कॅलेंडरवर लिहावं: दुखलं तो दिवस, आणि काय करताना दुखलं. दुखणं महिन्याच्या दिवसाशी बांधलेलं आहे की हालचालीशी, हे त्यातून बहुतेक वेळा कळतं.

सांध्याचाही एक गंभीर आजार असतो. तरुण वयात सुरू झालेलं, पहाटे जाग आणणारं, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडवणारं, कधी उजव्या तर कधी डाव्या कुल्ल्यात जाणारं आणि हालचालीने कमी होणारं दुखणं हे संधिवाताचं असू शकतं. एक्स-रे कितीतरी वर्षं निर्दोष येतो, एमआरआयमध्ये सूज दिसते. वजन घटणं आणि संध्याकाळचा ताप सोबत असेल, तर आपल्याकडे सांध्याच्या टीबीचा विचार करावाच लागतो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर महाराष्ट्रात चर्चा झाली आणि चौकशी समितीही नेमली गेली. त्यांचं दुखणं या सांध्याचंच होतं असं कुणी म्हणू शकत नाही. पण डोक्यावर मोळी घेऊन शिडीने ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या कमरेचे सांधे पिशवी काढण्याआधी कितीजणांनी तपासले असतील, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पिशवी गेल्याने हा सांधा दुखायचा थांबत नाही.

ओटीपोट आणि जांघ दुखते म्हणून पिशवी काढायचा सल्ला मिळाला असेल, आणि दुखणं मुख्यतः पायरीला आणि कूस बदलताना येत असेल, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून मागचा हा सांधा एकदा हात लावून तपासून घ्या. त्याला पंधरा मिनिटं लागतात.