खोक्यावर २४०, पडद्यात ६०

व्हिझिओ या अमेरिकी टीव्ही कंपनीला एका आकड्यापायी ३० लाख डॉलर मोजावे लागले. ३० एप्रिल २०१४ नंतर कॅलिफोर्नियात विकलेल्या काही टीव्हींच्या जाहिरातीत कंपनी ‘इफेक्टिव्ह रिफ्रेश रेट’ १२० किंवा २४० हर्ट्झ असल्याचं सांगत होती. पडदा प्रत्यक्षात तेवढ्या वेगाने चालतच नाही, अशी ग्राहकांची तक्रार होती. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण पैसे देऊन प्रकरण मिटवलं आणि अशी जाहिरात थांबवायची तयारी दाखवली. मार्च २०२४ पर्यंत ग्राहकांकडून दावे भरून घेतले गेले.

पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र उमटवू शकतो, तो त्याचा मूळ रिफ्रेश रेट. घरगुती टीव्हीत पडदे मुख्यतः दोन जातींचे: ५०-६० हर्ट्झचे आणि १००-१२० हर्ट्झचे. अलीकडे महागड्या टीव्हीत १४४ किंवा थोडा वरचाही मिळतो. मग २४०, ४८०, ९६० येतात कुठून?

समजा, ४-के पडद्यावर एक धावपटू दोन सेकंदांत एका कडेहून दुसऱ्या कडेला पोचतो. पडद्याची रुंदी ३८४० बिंदूंची, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला १९२० बिंदू. ६० हर्ट्झचा पडदा प्रत्येक चित्र सेकंदाचा साठावा भाग तसंच धरून ठेवतो. डोळा मात्र धावपटूबरोबर सरकत राहतो आणि तेवढ्या वेळात ३२ बिंदूंचा पट्टा पुसट दिसतो. पडदा खरोखर १२० चा असेल आणि चित्रंही तेवढी येत असतील, तर हा पट्टा १६ बिंदूंवर येतो. आता त्याच ६० च्या पडद्यामागचा दिवा प्रत्येक चित्राचा अर्धा वेळ विझवला, तरीही पुसटपणा १६ वरच येतो. कंपनी म्हणते, परिणाम १२० सारखाच, म्हणून लिहा १२०!

यात तथ्य आहे, ही गंमत. फक्त प्रकाशही जवळपास निम्मा होतो, काहींना लुकलुक जाणवते, आणि सेकंदाला नवी चित्रं ६० च राहतात. ही किंमत खोक्यावर छापत नाहीत.

शिवाय प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. सॅमसंगचा मोशन रेट, एलजीचं ट्रूमोशन आणि सोनीचं मोशनफ्लो यांना एकच समाईक मोजपट्टी नाही. सॅमसंग-एलजीचा आकडा निम्मा केला की बहुधा मूळ दर हाती लागतो. २४० असेल तर १२०, १२० असेल तर ६०. पण सोनीच्या २०१७ च्या एक्स९००ई या टीव्हीवर मोशनफ्लो ९६० होता आणि पडदा १२० हर्ट्झचा. तिथे निम्म्याचा हिशेब साफ कोलमडतो.

जास्तीचे पैसे कोणी मोजावेत? मालिका आणि बातम्या पाहणाऱ्यांनी मुळीच नाही. क्रिकेटचं प्रक्षेपण आपल्याकडे सेकंदाला ५० च्या हिशेबाने येतं, त्याला साधा पडदा पुरतो. चित्रपटात थोडा फरक पडतो. सेकंदाला २४ चित्रं ६० मध्ये समान बसत नाहीत, म्हणून एक चित्र दोनदा तर पुढचं तीनदा दाखवावं लागतं आणि कॅमेरा संथ फिरताना हिसके जाणवतात. १२० मध्ये प्रत्येक चित्र नेमकं पाच वेळा येतं. खरी गरज मात्र प्लेस्टेशन ५ सारख्या खेळयंत्रांची. ती १२० चा संकेत पाठवू शकतात, आणि ६० चा पडदा त्यातली निम्मी चित्रं दाखवूच शकत नाही.

दुकानात विक्रेत्याला ‘रिफ्रेश रेट किती?’ असं विचारलं तर तो प्रेमाने मोठा आकडा सांगतो. त्यापेक्षा त्या मॉडेलची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवावी आणि एचडीएमआयला चालणाऱ्या संकेतांचा तक्ता काढावा. ३८४० × २१६० च्या ओळींत ६० च्या पुढे काहीच नसेल, तर पडदा ६० चाच धरून चालावं. ‘एचडीएमआय २.१’ एवढ्या शिक्क्यावर भिस्त ठेवू नये. त्या मानकात १२० हर्ट्झ ऐच्छिक आहे.

तक्त्यात १२० दिसला तरी ‘डीएलजी’ ही तीन अक्षरं शोधावीत. स्वस्त टीव्हीत ही युक्ती अलीकडे बरीच दिसते. ६० च्या पडद्यात दोन-दोन आडव्या ओळींना एकाच वेळी तोच मजकूर दिला जातो. वेग दुप्पट होतो, पण २१६० ओळींचा तपशील १०८० वर येतो. शक्य असेल तर दुकानातच लॅपटॉप जोडून बारीक अक्षरांचं पान उघडावं आणि दर ६० वरून १२० वर न्यावा. अक्षरांच्या कडा लगेच जाड आणि दातेरी झाल्या, तर तो १२० ओळी गमावून मिळवलेला आहे.