तिरक्या वक्राचे सरळ अक्ष

5x² + 4xy + 8y² = 36. हे समीकरण पाळणारे सगळे बिंदू आलेखकागदावर मांडले, तर कोणती आकृती उमटेल? मधला 4xy नसता तर उत्तर सोपे होते. 5x² + 8y² = 36 हे लंबवर्तुळ आहे, आडवे जास्त पसरलेले आणि उभे कमी. पण xy आला की नजर अडते. हा गुणाकार x चाही नाही आणि y चाही नाही. तो नेमके काय सांगतो?

शंकू वेगवेगळ्या कोनांत कापला की जे वक्र मिळतात त्यांना शांकव म्हणतात. लंबवर्तुळ सगळीकडून बंद असते. अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, एका बाजूला उघडा असतो. कारंज्याची तिरकी धार तशीच वळते. अपास्ताचे दोन वेगळे तुकडे एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. x आणि y यांच्या दुसऱ्या घातापर्यंतच्या समीकरणातून सहसा या तिघांपैकीच एक वक्र निघतो. xy मुळे चौथा प्रकार जन्माला येत नाही. वक्र आपल्या अक्षांच्या मानाने तिरका बसला आहे, एवढेच तो सांगतो. म्हणून वक्राला हात न लावता अक्ष फिरवायचे. किती फिरवायचे, हाच खरा प्रश्न आहे.

त्यासाठी आरंभबिंदूवर उभे राहून एकेका दिशेने वक्रापर्यंत किती चालावे लागते ते पाहू. x-अक्षाच्या दिशेने y शून्य असतो, म्हणून 5x² = 36, आणि अंतर सुमारे 2.68 येते. y-अक्षाच्या दिशेने 8y² = 36, म्हणजे सुमारे 2.12. आता दोन पावले उजवीकडे आणि एक पाऊल खाली अशी तिरकी दिशा घ्या. या दिशेने एक एकक चाललो की समीकरणाच्या डाव्या बाजूची किंमत 4 होते. अंतर दुप्पट केले की ही किंमत चौपट होते, म्हणून 36 गाठायला बरोबर 3 एकके चालावे लागते. या दिशेला काटकोनात, एक उजवीकडे आणि दोन वर, गेलो तर एका एककावर किंमत 9 होते आणि 2 एककांवरच वक्र भेटतो. बाकी कोणत्याही दिशेला किंमत 4 आणि 9 यांच्या मध्येच राहते. म्हणजे वक्र सर्वांत दूर 3 वर आहे आणि सर्वांत जवळ 2 वर. लंबवर्तुळाचे खरे अक्ष हेच.

या दिशा मी आयत्या दिल्या, पण त्या शोधायला दहावीचे गणित पुरते. सहगुणक दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये मांडायचे: कर्णावर 5 आणि 8, उरलेल्या दोन जागी 2 आणि 2. कर्णावरची बेरीज 13 आणि निश्चयक 5 × 8 − 2 × 2 = 36. ज्या दोन संख्यांची बेरीज 13 आणि गुणाकार 36, त्या म्हणजे λ² − 13λ + 36 = 0 या वर्गसमीकरणाची उत्तरे, 4 आणि 9. अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांनाच आयगेन व्हॅल्यू म्हणतात. दिशा हवी असेल तर कर्णातून 4 वजा करा. पहिली ओळ 1 आणि 2 अशी उरते. 1 × a + 2 × b = 0 यावरून a = 2, b = −1 मिळते, म्हणजे दोन उजवीकडे आणि एक खाली. दुसरी दिशा तिच्याशी काटकोनात. या दिशांना u आणि v म्हटले, की समीकरण 4u² + 9v² = 36 असे होते. xy सारखे पद उरतच नाही. मॅट्रिक्समध्येही आता कर्णावर 4 आणि 9 असतात, बाकी जागी शून्य.

अक्ष कितीही फिरवा, ती बेरीज आणि तो निश्चयक बदलत नाहीत. म्हणून फक्त प्रकार ओळखायचा असेल तर अक्ष फिरवण्याचीही गरज नाही. निश्चयक धन असेल तर दोन्ही संख्या एकाच चिन्हाच्या, आणि वक्र लंबवर्तुळ. ऋण असेल तर चिन्हे विरुद्ध, आणि वक्र अपास्त. शून्य असेल तर एक संख्या शून्य, आणि तिथे अन्वस्ताची शक्यता. मात्र उजवी बाजूही पाहायला हवी. 36 च्या जागी 0 असता तर वक्राऐवजी एकटा बिंदू उरला असता, आणि −36 असता तर काहीच नाही.

सर्वांत जास्त चुका xy चा सहगुणक अर्धा करायचे विसरल्याने होतात. 2x² + 3xy + 2y² = 1 घ्या. दोन्ही जागी 1.5 मांडले तर निश्चयक 4 − 2.25, म्हणजे धन, आणि वक्र लंबवर्तुळ. चुकून 3 मांडले तर 4 − 9, म्हणजे ऋण, आणि तोच वक्र अपास्त ठरतो. मिळालेल्या अक्षाच्या टोकाचे निर्देशक मूळ समीकरणात घालून पाहिले की ही चूक लगेच उघडी पडते.

अपास्त आपण शाळेतच काढलेला असतो, फक्त नाव न घेता. व्यस्त चलनाचा xy = 1 हा आलेख म्हणजे अपास्तच. त्याच्या मॅट्रिक्सच्या कर्णावर शून्ये आणि बाकी दोन जागी अर्धा, म्हणून निश्चयक −¼. त्याचे अक्ष 45 अंशांवर तिरके आहेत. पण इथे एक मर्यादा आहे. x आणि y या वेगवेगळ्या एककांतल्या राशी असतील आणि समीकरणात xy सोबत वर्गाची पदेही असतील, तर कागदावर एका राशीचे प्रमाण बदलताच अक्षांचा कोन सहसा बदलतो. चिन्हे मात्र तीच राहतात. अशा ठिकाणी ‘अपास्त’ या उत्तरावर विश्वास ठेवावा, कोनावर ठेवू नये.

अन्वस्ताचे उदाहरण फळी, खिळे आणि दोरा घेऊन घरी करता येते. काटकोनातल्या दोन रेषांवर कोपऱ्यापासून 1 ते 10 सेंटिमीटरवर खिळे ठोका. आडव्या रेषेवरचा 1 उभ्या रेषेवरच्या 10 ला, 2 नववा, असे दोरे ताणा. सरळ दोऱ्यांतून एक गोलाई उमटते. ती वर्तुळाचा तुकडा आहे असे बहुतेकांना वाटते. पण हे दोरे ज्या वक्राला स्पर्श करतात त्याचे समीकरण x² − 2xy + y² − 22x − 22y + 121 = 0 असे येते. मॅट्रिक्सच्या कर्णावर 1 आणि 1, बाकी जागी −1 आणि −1. निश्चयक शून्य, बेरीज 2, म्हणून संख्या 2 आणि 0. अक्ष 45 अंशांनी फिरवले की v² = 11√2 u − 60.5 उरते. तिरका बसलेला, पण खराखुरा पॅराबोला.

शून्य ही धार फार नाजूक असते. मोजमापातून आलेल्या सहगुणकांत −2 ऐवजी −1.99 आला तर तोच वक्र लांबलचक लंबवर्तुळ ठरेल, आणि −2.01 आला तर अपास्त. म्हणून मोजलेल्या आकड्यांवरून ‘हा पॅराबोलाच’ असे ठामपणे म्हणू नये. इथे समीकरण रचनेतूनच आले आहे, म्हणून शून्य पक्के आहे.

फळीवर पट्टी लावून पाहा. मधोमध, जिथे दोन्ही रेषांपासूनचे अंतर सारखे असते, तिथे ते पावणेतीन सेंटिमीटर भरेल. दोन्ही रेषांना अकराव्या सेंटिमीटरवर स्पर्श करणारे वर्तुळ असते, तर तिथे 3.2 भरले असते.