रविवारी सात वाजता, पंपरूमपाशी

‘रविवारी सोसायटीच्या आवारात वृक्षारोपण. सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे.’ हिरव्यागार चित्राखाली असा मजकूर दर पावसाळ्यात सोसायट्यांच्या ग्रुपवर येतो. लोकही येतात. चाळीस माणसं, तीन फावडी आणि एकही ब्लेड नाही, असा तो प्रसंग असतो. फोटो मात्र छान निघतात.

या मजकुरात चार-पाच गोष्टी नेमक्या सांगितल्या, तर निम्मं काम रविवारच्या आधीच होतं. कोथरूडमधली चार विंगची एखादी सोसायटी धरू. मागच्या कुंपणाच्या कडेला वीस रोपं लावायची आहेत. बहावा, ताम्हण, कांचन आणि बकुळ अशी निवड झाली आहे. जागा ठरवताना ड्रेनेजची लाइन आणि जमिनीखालची पाण्याची टाकी टाळली आहे. खाली पार्किंग असलेल्या स्लॅबवर मोठी झाडं लावायची नाहीत, हेही ठरलं आहे.

पहिला प्रश्न तारखेचा. ५ जूनचा पर्यावरण दिन सोयीचा वाटतो खरा, पण त्या दिवशी पुण्यात पाऊस बहुतेक वेळा पोचलेलाच नसतो. दोन-तीन दमदार सरी होऊन माती खोलवर ओली झाली, की मगच रोपं लावावीत. म्हणजे जूनची अखेर किंवा जुलै. पावसाळी सकाळी ढग दिसले की ‘आज रद्द झालं असेल’ असं समजून माणसं पांघरूण ओढून घेतात. म्हणून रिमझिम असली तरी काम होणार, विजा किंवा मुसळधार पाऊस असेल तरच पुढे ढकलणार, हे मजकुरातच लिहावं.

जमायची जागा ‘सोसायटीचे आवार’ अशी लिहिली, तर अर्धे लोक गेटपाशी थांबतात आणि अर्धे क्लबहाउसपाशी. अवजारं जिथे ठेवली असतील, तीच जागा द्यावी. आपल्या उदाहरणात ती ए विंगच्या मागची पंपरूम आहे.

कामांची वाटणी हा मजकुराचा खरा गाभा. साधारण दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेणं हे हौशी लोकांचं काम नाही. मुरूम लागला की पहार लागते आणि उत्साह पहिल्याच खड्ड्यात संपतो. ते माळ्याकडून किंवा मजुरांकडून आठवडाभर आधी करून घ्यावं. रविवारी चौघांचा एक गट, असे सहा गट पुरतात. प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार रोपं येतात. गटातला एक जण माती आणि कुजलेलं शेणखत घमेल्यात कालवतो, दुसरा पिशवी कापतो, तिसरा रोप सरळ धरतो, चौथा माती लोटून पायाने हलकेच दाबतो. मुलांनी सुतळी कापावी, पाट्या रंगवाव्यात. ज्यांना वाकणं जमत नाही, त्यांनी यादी सांभाळावी. हे काम दुय्यम नाही, ते का हे पुढे येईलच.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पिशवीपाशी. घाईत कोणी रोप पिशवीसकट पुरतं, कोणी नुसता तळ फाडतं. वरून काहीच कळत नाही. मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात आणि दोन-तीन वर्षांनी झाड का वाढत नाही म्हणून खताला दोष दिला जातो. पिशवी ब्लेडने उभी चिरून, मातीचा गड्डा न फोडता अलगद काढायची; तळाशी वेटोळं झालेली मुळं छाटायची. तपासणी सोपी आहे. यादीवाल्या काकांकडे शेवटी वीस रिकाम्या पिशव्या जमा झाल्या पाहिजेत. एकोणीस भरल्या, तर एक जमिनीत आहे.

दुसरी चूक खोलीची. खोड आणि मुळं जिथे मिळतात ती जागा जमिनीच्या पातळीवरच राहायला हवी. ती मातीत गाडली, तर पावसात खोड कुजू शकतं. काठीला रोप बांधताना सुतळी आठाच्या आकड्यासारखी सैल फिरवावी, नाहीतर वर्षभरात ती सालीत रुतते.

आता तयार मजकूर असा होईल:

‘रविवार, सकाळी ७ ते ९. ए विंगच्या मागे पंपरूमपाशी जमायचं. वीस रोपं आहेत, खड्डे तयार आहेत. चौघांचे सहा गट हवेत. शुक्रवारपर्यंत नाव आणि विंग कळवा. मुलांसाठी पाट्या रंगवायचं काम आहे. येताना बूट, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, टोपी, हातमोजे आणि पाण्याची बाटली. घरी असल्यास खुरपं आणि घमेलं, त्यावर नाव लिहून. ब्लेड, सुतळी, काठ्या, खत सोसायटी देईल. चपला घालून येऊ नये. रिमझिम पावसातही काम होईल. नोव्हेंबर ते मे आठवड्यातून दोनदा पाणी घालायला प्रत्येक रोपामागे दोन घरं हवीत. तीही नावं याच यादीत द्या.’