साठ नोंदींचं एक पान

नमुन्यादाखल एक तक्रार घेऊ. पुण्यातल्या एका घरातलं फायबर इंटरनेट सारखं बंद पडतंय. तिकिटात साठेक नोंदी जमल्या आहेत: ग्राहकाचे मेसेज, कॉल सेंटरची उत्तरं, तंत्रज्ञाचे शेरे. आता प्रकरण नेटवर्क टीमकडे वर पाठवायचं आहे आणि सोबत पानभर गोषवारा द्यायचा आहे.

सुरुवात तारखांपासून. तिकीट 3 जूनला उघडलं, पण पहिल्याच मेसेजात ग्राहक ‘परवापासून’ म्हणतो. म्हणजे बिघाड 1 जूनचा. त्या दिवशी लाइनवर काय काम झालं, हे नेटवर्क टीम शोधणार. 3 जून लिहिलं तर शोध चुकीच्या दिवशी सुरू होईल. शिवाय सर्व्हरची घड्याळं बहुधा UTC वेळ नोंदवतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथली ‘5 जून, 19:10’ ही नोंद आपल्याकडची 6 जूनच्या मध्यरात्रीनंतर 12:40 ची.

उपायांची यादी त्याहून फसवी असते. 9 जूनला तंत्रज्ञाने मोडेम बदलला आणि त्याच भेटीत कनेक्टरही पुसला. दोन दिवस सगळं ठीक चाललं. ‘मोडेम बदलल्यावर सुधारणा’ असं लिहिणं चूक, कारण गुण कशाने आला हे कळायला मार्ग नाही. दोन्ही कामं एकत्र नोंदवायची आणि सुधारणा किती टिकली तेही. 12 जूनला तिकिटावर ‘Resolved’ दिसतं. नोंदी उघडल्या की समजतं, ग्राहकाचं उत्तर आलं नाही म्हणून सिस्टिमने ते आपोआप बंद केलं होतं. 13 तारखेला तक्रार पुन्हा हजर.

सगळ्यात मोलाची ओळ मात्र एका शेऱ्यात दडलेली असते. जोडणीच्या दिवशी मोडेमपर्यंत पोचणारा प्रकाश -19 dBm होता. 14 जूनला, इंटरनेट बंद असताना, -29. दहा डेसिबलची घट म्हणजे प्रकाश दहाव्या हिश्शावर आला. घरगुती मोडेमला साधारण -27 च्या खालचा संकेत नीट वाचता येत नाही. म्हणजे चार वेळा केलेलं ‘रीस्टार्ट’ मुळात लागू पडणारंच नव्हतं. हे मोजमाप नव्या मोडेमवरचं, त्यामुळे जुन्या मोडेमवरही ठपका ठेवता येत नाही. हा आकडा आहे तसा, वेळेसकट उतरवायलाच हवा. ‘सिग्नल कमी’ एवढ्यावर भागत नाही.

पण प्रकाश नेमका कुठे गळतो हे त्यातून कळत नाही. त्याच स्प्लिटरवरच्या शेजाऱ्यांचं इंटरनेट चालू असेल तर दोष या घराच्या तारेत असण्याची शक्यता जास्त. साठ नोंदींत हे कुणीच विचारलेलं नाही. म्हणून सद्यःस्थिती अशी लिहावी:

‘बिघाड कायम, 13 जूनला पुन्हा तक्रार. कारण सिद्ध नाही; तारेतल्या प्रकाशगळतीचा संशय. शेजाऱ्यांचं मोजमाप झालेलं नाही. पुढचं काम नेटवर्क टीमकडे. ग्राहकाला अद्याप कळवलेलं नाही.’