अर्धवट मेसेजला उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं?

रात्रीचे पावणेदहा. माझी मावसबहीण पुण्यात राहते. तिच्या मुलीसाठी इंदूरचं स्थळ आलं होतं. माणसं मराठीच, पण तीन पिढ्यांपासून तिकडे स्थायिक. पत्रिका पाठवून झाली होती आणि उत्तराची वाट बघणं चालू होतं. तेवढ्यात मुलाच्या आईचा मेसेज आला:

"ताई, पत्रिका बघितली, सगळं छान आहे, पर हमारे यहाँ"

बस, एवढंच. पुढे काही नाही. बहिणीने मेसेज उघडला होता, म्हणजे तिकडे निळ्या खुणा उमटल्याही होत्या. तिने लगेच मला फोन केला. "अगं, 'पर हमारे यहाँ' म्हणजे काय? नकार आहे का? आणि मी आता मराठीत लिहू की हिंदीत?"

तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल, किंवा तुमची सून, जावई, व्याही बाहेरचे असतील, तर असा मेसेज तुम्हालाही कधीतरी आला असेल. वाक्य एका भाषेत सुरू होतं, मध्येच दुसऱ्या भाषेत शिरतं आणि तिथेच तुटतं. पूर्ण आलं असतं तर शेवट बघून आपण त्याच सुरात उत्तर दिलं असतं. इथे नेमका शेवटच नाही.

आपल्याला हे जास्त अडतं, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि हिंदीतही तसंच. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद येतं, त्यामुळे वाक्य अर्ध्यात तुटलं तरी काय चाललंय ते कळलेलं असतं. आपल्याकडे शेवटचा शब्द गेला की सगळंच गेलं: होकार की नकार, झालं की व्हायचंय, 'तू' की 'तुम्ही'. ऑफिसातून आलेला हा मेसेज बघा: "उद्याच्या मीटिंगचा अजेंडा फायनल करून मॅनेजरला फॉरवर्ड". यापुढे 'केला' होतं, 'करा' होतं की 'करशील का'? एकात काम झालंय, दुसऱ्यात तुम्हाला सांगितलंय आणि तिसऱ्यात विचारलंय.

आता याच मेसेजची भाषा कोणती ते सांगा. शब्द मोजले तर 'मीटिंग, अजेंडा, फायनल, मॅनेजर, फॉरवर्ड' असा इंग्रजीचा ढीग आहे. तरी हा मेसेज मराठीच आहे. शब्द सोडा आणि सांधे बघा: 'उद्याच्या'मधलं 'च्या', 'मीटिंगचा'मधला 'चा', 'करून', 'मॅनेजरला'मधला 'ला'. हे सगळे सांधे मराठीचे आहेत. मूळचे पुण्याचे आणि पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणारे अरविंद जोशी यांनी 1982 साली मराठी-इंग्रजी मिसळीच्या वाक्यांचाच अभ्यास मांडला होता. त्यांचं सांगणं साधारण असं, की इंग्रजी शब्द मराठी वाक्यात मोकळेपणाने येऊन बसतात, पण प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं, सहायक क्रियापदं असे छोटे जोड ज्या भाषेची चौकट असते तिचेच राहतात. आपणही 'टेबलवर' म्हणतो, 'ऑन टेबल' नाही. म्हणून वाक्य कुठेही तुटलेलं असो, आधी सांधे शोधा. एक 'ला' किंवा एक 'च्या' सापडला तरी उत्तराची भाषा बहुतेक वेळा ठरते.

इंदूरच्या मेसेजचं मात्र तसं नव्हतं. मी बहिणीला तो पुन्हा वाचायला लावला. 'सगळं छान आहे' इथे मराठी वाक्य क्रियापदासकट पूर्ण झालंय. मग 'पर' आलं आणि पुढचे सांधेही हिंदीच आहेत, 'हमारे', 'यहाँ'. म्हणजे हिंदी शब्द मराठी वाक्यात आलेले नाहीत, एक मराठी वाक्य संपून दुसरं हिंदी वाक्य सुरू झालंय. सांधे बघून इथे दोन उत्तरं मिळतात आणि आपण पुन्हा तिथेच.

बहिणीचा पहिला अंदाज असा होता, की त्या बाईंना मराठी नीट येत नसणार, अडल्या म्हणून हिंदीवर गेल्या. तेव्हा सरळ हिंदीत लिहून त्यांची सोय करावी. हा अंदाज आपण सगळेच करतो आणि तो बऱ्याचदा चुकतो. न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन लोकांच्या स्पॅनिश-इंग्रजी बोलण्यावर शाना पोप्लॅक या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1980 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते उलटंच: वाक्याच्या पोटातच भाषा बदलणारे बहुतेक लोक दोन्ही भाषा उत्तम येणारे होते आणि बदलताना ते दोन्हींपैकी कुठल्याच भाषेचं व्याकरण मोडत नव्हते. ज्यांची एक भाषा कच्ची, ते फार तर वाक्याच्या टोकाला एखादा शब्द जोडायचे. या बाईंनी तर मराठी वाक्य व्यवस्थित पूर्ण केलं होतं. त्यांना हिंदीत उत्तर देणं म्हणजे 'तुमचं मराठी राहू द्या' असं सांगणं झालं असतं. तीन पिढ्या इंदुरात राहून ज्यांनी घरात मराठी टिकवली, त्यांना हे किती लागलं असतं!

मग त्या हिंदीवर गेल्या कशाला? एक शक्यता अशी, की त्यांना ते कळलंही नसेल. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावावर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा 1971 सालचा एक गाजलेला लेख आहे. तिथे मराठी, कन्नड, उर्दू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या आणि त्यांची वाक्यं इतकी एका साच्याची झाली, की शब्दाला शब्द ठेवून एकीतून दुसरीत जाता यावं. इंदूरच्या मराठी घरातही मराठी आणि हिंदी अशाच शेजारी नांदतात. दोन्हींत शब्दांचा क्रम सारखाच असतो. बोलणारा रूळ बदलतो, पण गाडीला धक्का बसत नाही.

दुसरी शक्यता जास्त उपयोगाची आहे. गंपर्झ यांनीच पुढे दाखवलं, की माणसं भाषा बदलतात तेव्हा पुष्कळदा बोलणारा आवाज बदललेला असतो. दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं असतं, किंवा एखादी गोष्ट आपल्यापासून जरा लांब धरून मांडायची असते. तुम्हीही ऐकलं असेल: "मला चालेल गं, पण हे म्हणतात, देख लो भाई." आमच्या बाबतीत 'सगळं छान आहे' हे त्यांचं स्वतःचं मत होतं, म्हणून ते मराठीत, 'ताई' म्हणून, सरळ बहिणीला सांगितलेलं. 'हमारे यहाँ' ही घरची, नातेवाइकांची, रीतीभातीची बाब असणार. ती ज्या भाषेत घरात बोलली गेली, त्याच भाषेत मेसेजमध्ये आली. म्हणजे अडचण असेल तर ती बहुतेक घरातल्या कुणाची तरी होती. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण 'नकारच आला' या अंदाजापेक्षा तो नक्की जास्त आधाराचा होता.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे एखादा सुटा शब्द बघून भाषा ठरवू नका. 'ळ' दिसला तर मराठी, 'है' किंवा टिंब दिलेला 'ड़' दिसला तर हिंदी, हे ठीक. पण 'शिक्षा', 'चेष्टा', 'संसार' हे शब्द दोन्हीकडे आहेत आणि अर्थ वेगळे आहेत. याच बाईंनी आधी मुलाबद्दल लिहिलं होतं, "त्याची शिक्षा पुण्यातच झाली." बहीण क्षणभर गारच पडली होती! हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, हे लक्षात यायला तिला मिनिटभर लागलं. बाकी वाक्य मराठी असलं, तरी आतला एखादा शब्द हिंदी अर्थाने आलेला असू शकतो.

आता उत्तर. मी तिला आधी थांबायला सांगितलं. वर 'टाइप करत आहे' असं दिसत असेल तर काहीच लिहू नये. दिसत नसेल तरी थोडं थांबावं. बोट चुकून पाठवायच्या बटणावर पडलेलं असू शकतं. व्हॉट्सॲपच्या चॅट सेटिंगमध्ये 'Enter is send' चालू असेल, तर नवी ओळ घ्यायला गेलं की मेसेज निघूनच जातो. शिवाय पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत सुधारता येतो. तुम्ही घाईने उत्तर दिलंत आणि त्यांनी वरचं वाक्य पूर्ण केलं, तर तुमचं उत्तर भलत्याच प्रश्नाचं वाटायला लागतं.

पंधरा मिनिटं गेली, तिकडून काही आलं नाही. बहीण आता इंग्रजीवर आली होती, 'ओके, नो प्रॉब्लेम' लिहून टाकते म्हणाली. इंग्रजीत 'तू-तुम्ही' नाही, म्हणून अवघड जागी आपण तिच्यामागे लपतो. पण काय ते कळलेलं नसताना 'नो प्रॉब्लेम' म्हणणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही. आणि जिथे समोरच्याने 'ताई' म्हणून हाक मारली आहे, तिथे ते कोरडंही वाटतं.

अशा वेळी मी हाकेची भाषा धरते. वाक्य कुठेही भरकटलेलं असो, सुरुवातीला तुम्हाला ज्या भाषेत हाक मारली, ती तुमच्याशी नातं ठेवण्याची भाषा असते. नातवाने "आजी, आय वॉज थिंकिंग की" एवढंच पाठवलं, तरी 'आजी' मराठीच आहे. तुम्ही "हं, काय रे?" लिहा, तो पुढे इंग्रजीत बोलला तरी बिघडत नाही. मग ते लटकलेले शेवटचे शब्द उचलायचे, आपल्या भाषेत फिरवायचे आणि प्रश्न मोकळा ठेवायचा. 'हो का, नाही का' असं कोपऱ्यात धरायचं नाही. उत्तर लहान ठेवायचं, म्हणजे पुढची भाषा त्यांना निवडता येते.

बहिणीने लिहिलं: "हो ताई, सांगा ना, तुमच्याकडे कसं असतं?"

'तुमच्याकडे' म्हणजे त्यांचंच 'हमारे यहाँ', मराठीत फिरवलेलं. पुस्तकी मराठी नाही, हिंदीही नाही.

तीन मिनिटांनी उत्तर आलं: "सॉरी ताई, दारावर कोणी आलं होतं. हमारे यहाँ शादी रात को होती है, सगळे नातेवाईक रात्रीच येतात. तुमच्याकडे सकाळचा मुहूर्त असतो ना? संध्याकाळचा जमेल का?"

बहिणीने वाचून मला विचारलं, "आता?"

"आता काय, शेवटचं क्रियापद आलंय की. 'जमेल का' विचारलंय. लिही, जमेल."