पीटीएच वाढले, पण का?

गळ्यात थायरॉइडच्या मागे सहसा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम घसरले की त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढते आणि मूत्रपिंडांकरवी फॉस्फेट बाहेर टाकते. ड जीवनसत्त्व कमी असेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही, म्हणून पीटीएच वाढते. ही ग्रंथींची चूक नव्हे, त्या आपले कामच करत असतात. अशा वेळी कॅल्शियम कमी किंवा जेमतेम सामान्य असते.

आता एक नमुना अहवाल पाहू. पीटीएच 110 (सामान्य 15 ते 65), ड जीवनसत्त्व 12, फॉस्फेट 2.3, कॅल्शियम 10.9. ड जीवनसत्त्वाचा आकडा पाहून सारा दोष त्याच्यावर टाकण्याचा मोह होतो. फॉस्फेटही निवाडा करत नाही, कारण ते दोन्ही विकारांत घटू शकते. ते चढलेले दिसले तर मात्र मूत्रपिंडांकडे पाहावे. खरी साक्ष कॅल्शियमची. ते 10.2च्या वर असताना निरोगी ग्रंथी गप्प बसायला हव्या होत्या. इथे त्या थांबलेल्या नाहीत, म्हणजे बहुधा एखाद्या ग्रंथीत गाठ आहे आणि कमतरता तिच्या जोडीला आहे.

कॅल्शियम 10च्या आसपास असते तर निदान अवघड झाले असते, कारण कमतरता वाढलेले कॅल्शियम झाकू शकते. तेव्हा डॉक्टर ड जीवनसत्त्व भरून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. पीटीएच उतरले तर कारण कमतरताच; कॅल्शियम वर चढले तर ग्रंथी.