कुकर घेऊन या!

दुकानाच्या उद्घाटनाचा व्हिडिओ बहुधा ठरलेला असतो. फुलांनी सजवलेलं शटर, पाहुण्यांच्या हातात कात्री, फीत कापली जाते, मागे गाणं, आणि शेवटी दोन सेकंद झळकणारी पाटी: 'आज सर्व वस्तूंवर २० टक्के सूट'. पाहणारा खूश होतो आणि पुढे सरकतो. त्याला त्या दिवशी काही घ्यायचंच नसतं, मग सुटीचं तो काय करणार? ऑफर लहान पडली असं नाही. घरातल्या कुठल्याच कामाशी तिचा संबंध नाही, ही खरी अडचण आहे.

समजा, तालुक्याच्या गावात भांड्यांचं नवं दुकान दसऱ्याला सुरू होतंय. मालकाने सूट बाजूला ठेवून वेगळी ऑफर ठरवली: घरचा जुना कुकर आणा, तपासणी आणि रिंग बसवण्याची मजुरी मोफत, रिंगचे पैसे तेवढे घेऊ. वाफ बाजूने निसटणारा कुकर घरोघरी असतो. 'बघू कधीतरी' म्हणून तो महिनोन् महिने तसाच वापरला जातो. हे रखडलेलं काम हेच दुकानात येण्याचं कारण होऊ शकतं.

मग व्हिडिओची सुरुवातही तिथूनच व्हावी. पहिल्या तीन सेकंदांत फीत नको, झाकणाच्या कडेने फसफसणारी वाफ दिसू दे. वाफ कॅमेऱ्यात सहजासहजी दिसत नाही. मागे गडद पडदा आणि बाजूने किंवा मागून दिवा असला की ती स्पष्ट उठून येते. कितीतरी लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न हवा: 'शिट्टी होत नाही? वाफ कडेने जाते?' पुढचं दृश्य कारागिराच्या हातांचं. तो जुनी रिंग काढून वाकवून दाखवतो. ती कडक झालेली असते, वळणावर बारीक चिरा दिसतात. शिट्टी बसते ती नळी तो उजेडाकडे धरतो, कारण डाळीचा फेस तिथेच अडकतो. मग सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी आटून कुकर जास्त तापला की त्यातला धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. असा वितळलेला व्हॉल्व्ह बदलावाच लागतो, त्यावर मेण किंवा एम-सील लावून चालत नाही, हे कारागिराने स्वतःच्या तोंडाने सांगावं. पाहणाऱ्याला इथे उपयोगाचं काही कळतं आणि या माणसाला काम येतं हेही दिसतं. माझ्या मते व्हिडिओतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. पाहुण्यांच्या भाषणातून ही खात्री पटणार नाही.

त्यानंतर ऑफर, सावकाश आणि पूर्ण. कुकर झाकणासकट आणा, कारण पाणी घालून एक शिट्टी करूनच परत देणार आहोत. मोफत काय, पैसे कशाचे, दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत. हा नुसता शिष्टाचार नाही. फसव्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत हवा. ज्यासाठी ग्राहकाला पैसे मोजावे लागतात त्याला 'मोफत' म्हणता येत नाही. म्हणून 'रिंग मोफत' नव्हे, 'मजुरी मोफत' असंच लिहायचं.

खरा घोळ होतो तो हिशेब न केल्यामुळे. एका कुकरला दहा मिनिटं धरली, कारागीर दोन, दुकान सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते आठ, म्हणजे जास्तीत जास्त ८४ कुकर. 'पहिल्या २०० ग्राहकांना' असं जाहीर केलं तर दुपारपर्यंत रांगेत भांडणं लागतील आणि कुकर तसाच परत नेणारी बाई पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. दसऱ्याला पूजा आणि पाहुणे असतातच. त्यामुळे त्या दिवशी ८० कुपनं वेळ घालून द्यावीत आणि उरलेल्यांसाठी पुढचा आठवडा खुला ठेवावा, व्हिडिओतच तसं सांगून. आतल्या झाकणाचे आणि बाहेरच्या झाकणाचे कुकर वेगळे, लिटरप्रमाणे रिंगही वेगळी. सगळ्या मापांच्या रिंगा आधी भरून ठेवल्या नाहीत, तर व्हिडिओ कितीही चांगला असला तरी फुकट.

शेवटची पाच सेकंदं पत्त्याची. नकाशापेक्षा एसटी स्टँडवरून दुकानापर्यंत चालत जाण्याचं दृश्य गावात जास्त कामी येतं. 'अमक्या मेडिकलच्या शेजारी' म्हटलं की लगेच कळतं.

व्हिडिओ किती जणांनी पाहिला, त्यावरून फारसं काही ठरत नाही. काउंटरवर एक वही ठेवावी: कुकर किती आले, व्हिडिओ पाहून किती जण आले, तपासणीच्या दहा मिनिटांत कुणी आणखी काय घेतलं. आठ-पंधरा दिवसांनी त्यांच्यातलं कोण तवा किंवा डबा घ्यायला परत आलं, तेही त्याच वहीत नोंदवावं.